तेवीसचे बत्तीस का होतात?

*बाई, मी सोलापुरात बी.एड.च्या पहिल्या वर्षाला आहे. बालविकासाच्या विषयासाठी अभ्यासात मागे पडणाऱ्या एका मुलाचा व्यक्ती अभ्यास लिहायचा आहे. मी तिसरीतला, आठ वर्षं पूर्ण झालेला एक मुलगा घेतला. तो तेवीसला ३२ लिहितो, सतराला ७१. आई विड्या वळते, वडील यंत्रमागावर आहेत, घरी तेलुगू बोलतात. वर्गशिक्षिका म्हणतात, डिस्लेक्सिया आहे, तसंच लिहून टाका. कौटुंबिक माहितीची माझी अकरा पानं झाली. पण ‘समस्येचे विश्लेषण’ या मथळ्याखाली ‘घरात शैक्षणिक वातावरण नाही’ याच्यापुढे काही सुचत नाही. वीस संख्या सांगून त्याच्याकडून लिहून घेतल्या होत्या, त्या पानाचा फोटो जोडते आहे. हातात तीन आठवडे आहेत. सुरुवात कुठून करू?*

त्या फोटोपासूनच कर. तुझ्या फाइलीतला सगळ्यात बोलका कागद तो आहे. अकरा पानं सध्या मिटून ठेव आणि या एका पानापाशी अर्धा तास बस.

मी बसले होते, तर काय दिसलं ते सांगते. वीसपैकी दहा संख्या बरोबर आहेत: ७, १०, १२, २०, ३०, ४०, ४४, ५०, ६६ आणि ९०. चुकलेल्या दहा अशा: सतरा ७१, तेवीस ३२, पस्तीस ५३, शेहेचाळीस ६४, बावन्न २५, अठ्ठावन्न ८५, एकाहत्तर १७; आणि एकोणतीस ३९, एकोणचाळीस ४९, एकोणऐंशी ८९. तू वर ‘१०/२०’ लिहून लाल पेनाने गोल केलास आणि पान उलटलंस. त्या दहा चुका मात्र दोनच जातींच्या आहेत. सातांमध्ये अंक बरोबर, जागा उलट. तिन्ही ‘एकोण’मध्ये एकक ९ बरोबर, दशक एकाने जास्त. ज्याला संख्या येतच नाहीत तो मुलगा बावन्नला सत्तर लिहील, सात लिहील, नाहीतर शेजाऱ्याच्या वहीत बघेल. याने ‘बावन्न’ ऐकून त्यातले पाच आणि दोन नेमके ओळखले आहेत. ‘अठ्ठावन्न’मधल्या ‘वन्न’चा पन्नासशी संबंध लावणं तिसरीतल्या मुलाला सोपं नसतं, तेही त्याने केलं आहे.

बरोबर आलेल्या संख्याही नीट पाहा. ४४ आणि ६६ उलटे लिहिले तरी तसेच राहतात, म्हणून जागेच्या प्रश्नावर ते काहीच सांगत नाहीत. पूर्ण दशकांत उलटायला दुसरा अंक ऐकूच येत नाही. राहता राहिला बारा. तो शब्द मुलं घड्याळामुळे बहुधा अख्खाच ओळखतात. म्हणजे जागा चुकण्याची संधी जिथे जिथे होती, तिथे बारा आणि वेगळ्या जातीचे तीन ‘एकोण’ सोडले तर तो प्रत्येक वेळी चुकला आहे. ‘निम्मं येतं’ हा निष्कर्ष त्यामुळे बरोबर नाही. एका ठरावीक ठिकाणी तो जवळजवळ दर वेळी अडखळतो आणि बाकी ठिकाणी अडखळत नाही.

आता ‘उलटं लिहितो म्हणजे डिस्लेक्सिया’ या म्हणण्याकडे वळू. उलटं लिहिण्याचे दोन प्रकार असतात आणि शाळेत दोन्हींना एकच नाव पडतं. एकात अंकाचा आकारच आरशातल्यासारखा फिरतो. दुसऱ्यात आकार ठीक असतात, त्यांचा क्रम फिरतो. आपल्या देवनागरी अंकांत हे ओळखायची सोय आयतीच आहे, कारण ३ आणि ६ जवळपास एकमेकांची आरशातली रूपं आहेत. आकार फिरत असते तर तेवीसमध्ये किंवा पस्तीसमध्ये कुठेतरी ३ च्या जागी ६ उमटला असता. तुझ्या पानावर असं एकदाही झालेलं नाही. आकार शाबूत आहेत, गोंधळ फक्त क्रमाचा आहे.

तो क्रम तो आणतो कुठून? आपल्याच तोंडून ऐकून. ‘तेवीस’मध्ये आधी तीन ऐकू येतो आणि मग वीस. ‘सतरा’त आधी सात. मराठीत अकरापासून पुढे दशक जवळपास नेहमी मागून येतो, आणि लिहिताना मात्र तो आधी लिहावा लागतो. जर्मन भाषेतही एकक आधी बोलतात आणि तिथली लहान मुलंही अशाच अदलाबदली करतात. तुझ्या मुलाच्या घरची भाषा याच्या नेमकी उलट आहे. तेलुगूत तेवीस म्हणजे ‘इरवै मूडु’, वीस-तीन. सतरा म्हणजे ‘पदिहेडु’, दहा-सात. एकोणचाळीस म्हणजे ‘मुप्पै तोम्मिदि’, तीस-नऊ. चाळीसचा तिथे उल्लेखही नाही. आपला ‘एकोण’ म्हणजे ‘एक ऊन’, एक कमी. हे कोणी उलगडून सांगितलं नसेल तर मूल ‘चाळीस’ ऐकतं, ‘एकोण’ आला की नऊ लिहायचे हे त्याला सवयीने ठाऊक असतं, आणि ४९ तयार होतात. त्याच्या कानाशी या चुका प्रामाणिक आहेत.

पियाजे तरुणपणी पॅरिसमध्ये मुलांच्या बुद्धिमापन चाचण्या तपासायचं काम करत होता. त्याला बरोबर उत्तरांपेक्षा चुकीच्या उत्तरांचं कुतूहल वाटलं, कारण एका वयाची मुलं एकसारखी चुकत होती. विकासाच्या टप्प्यांवरचं त्याचं पुढचं काम तिथून निघालं. तुमच्या अभ्यासक्रमात ते टप्पे पाठ करून घेतात. तुझ्या फाइलीत मात्र टप्प्यांचा तक्ता उतरवू नकोस, तो ज्या रीतीने तिथवर पोचला ती रीत वापर.

पण इथे थांब. आतापर्यंत मी सांगितलं तो अंदाज आहे. ‘मराठी शब्दाचा क्रम त्याला फसवतो, संख्येची समज शाबूत आहे’ हे वाक्य विश्लेषणात लिहिण्याआधी ते खोटं ठरवायची संधी दे. त्यासाठी चार छोट्या गोष्टी कर. प्रत्येकीला दहा-पंधरा मिनिटं लागतील. वेगवेगळ्या दिवशी कर, कारण एका बैठकीत चारही उरकल्या तर तू त्याचा थकवा मोजशील.

पहिली गोष्ट अगदी सोपी. चुकलेल्या त्याच दहा संख्या ‘वीस तीन’, ‘पन्नास दोन’, ‘तीस नऊ’ अशा बोलून लिहून घे. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात रूढ नावांच्या जोडीने ही रीत आली तेव्हा राज्यभर केवढा वाद झाला होता, तुला आठवत असेल. मुलांना कोणती रीत शिकवावी या वादात तुला पडायचं नाही. तुझ्यासाठी हे तपासणीचं हत्यार आहे. शब्दाचा क्रम बदलल्यावर चुका गेल्या, तर दोष क्रमाचा होता. तशाच राहिल्या, तर माझा अंदाज कोसळला.

दुसरी गोष्ट, त्याच संख्या तेलुगूतून. तुला ती भाषा येत नसेल तर वर्गातल्या तेलुगू बोलणाऱ्या छात्राध्यापिकेला बोलव. त्याच्या मोठ्या बहिणीला बसवू नकोस. बहीण डोळ्यांनी उत्तर सांगते आणि चुकलं की घरी जाऊन सांगते. मात्र एक लक्षात ठेव: तेलुगूत मोजणं त्याला किती येतं हे आधी पाहावं लागेल. घरी तेलुगू बोलणारं मूलही शाळेतल्या संख्या फक्त मराठीतच शिकलेलं असू शकतं. म्हणून आधी एक ते पन्नास तेलुगूत म्हणायला सांग. तिथेच अडला, तर ही चाचणी सोडून दे आणि का सोडली ते फाइलीत लिही.

तिसरी गोष्ट समज तपासते. दहा-दहा काड्यांचे गठ्ठे आणि सुट्या काड्या समोर ठेव. काहीही न बोलता २३ लिहिलेलं कार्ड दाखव आणि तेवढ्या काड्या द्यायला खुणेने सांग. दोन गठ्ठे आणि तीन सुट्या दिल्या, तर डावीकडचा अंक दशक आहे हे त्याला कळतं. मग २५ आणि ५२ ची कार्डं शेजारी ठेवून मोठी संख्या विचार आणि ‘कशावरून?’ असंही विचार. उत्तर त्याच्याच शब्दांत उतरव, तेलुगू-मराठी मिसळलेलं असेल तर तसंच. तीन गठ्ठे आणि दोन सुट्या दिल्या, तर प्रश्न शब्दापुरता नाही, स्थानिक किंमतीचा आहे, आणि तुझ्या फाइलीची दिशाच बदलेल.

चौथी गोष्ट बहुतेक फाइलींत सापडत नाही, आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. हीच वीस संख्यांची यादी त्याच वर्गातल्या आणखी चार मुलांना दे, घरी मराठी बोलणाऱ्या दोन आणि तेलुगू बोलणाऱ्या दोन. पाचांपैकी चौघांनी ७१ लिहिलं, तर तू एका मुलाची समस्या लिहीत नाहीस, वर्गात न शिकवलेल्या एका गोष्टीबद्दल लिहीत आहेस. चार मुलांवरून भाषेबद्दल मोठं विधान करता येणार नाही. पण हा मुलगा वर्गात एकटा आहे की नाही, एवढं कळेल.

मी हे इतकं ताणून का सांगते आहे, त्याला कारण आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थिनीने चौथीतल्या मुलीवर फाइल केली होती. ती मुलगी श्रुतलेखनात बासष्टला ६५ लिहायची, पासष्टला ६२, कधी कधी शब्दही भलतेच. फाइलीत ‘लक्ष विचलित होते, अभ्यासात गोडी नाही’ असं लिहिलं होतं. मी वाचली, छान अक्षराचं कौतुक केलं आणि सही केली. पुढच्या वर्षी कळलं की त्या मुलीचा कान वाहत होता आणि बाई फळ्याकडे तोंड करून बोलल्या की तिला अर्धंच ऐकू यायचं. बासष्ट आणि पासष्ट यांत फरक फक्त पहिल्या अक्षराचा. चुकांचं पान फाइलीला जोडलेलं होतं आणि आम्हा दोघींपैकी कोणीही ते वाचलं नव्हतं. ती सही मला आजही खुपते. म्हणून तुला सांगते, चाचण्यांआधी त्याला पाठमोरा उभा करून साध्या आवाजात पाच-सात शब्द सांग आणि म्हणायला लाव. फळ्यावरचं शेवटच्या बाकावरून वाचून घे. ही काही वैद्यकीय तपासणी नव्हे, पण शंका आली तर मुख्याध्यापकांमार्फत पालकांना वेळेत सांगता येतं.

पानाच्या खालच्या बाजूला दोन वजाबाक्या आहेत, त्यांचाही मोह होईल. ‘बावन्नातून तेवीस वजा’ हे तू तोंडी सांगितलंस, त्याने २५ − ३२ मांडलं आणि उत्तर १३ लिहिलं. तेच तू फळ्यावर ५२ − २३ लिहून दिलंस तेव्हा ३१ आलं. पहिल्यात दोन चुका एकावर एक बसल्या आहेत, दुसरीत एकच उरते: प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करणं. मग तो वरचा असो की खालचा. हातच्याची वजाबाकी शिकणाऱ्या मुलांत ही चूक सगळीकडे दिसते. तिची नोंद दोन ओळींत कर आणि ती तिथेच सोड. तीन आठवड्यांत एकाच गाठीवर काम होतं.

आता उपाय. आठवड्यातून तीन दिवस, वीस-वीस मिनिटं, दोन आठवडे. एवढ्या सहा बैठका तुला मिळतील असं धरू. पहिल्या तीन बैठकांत पेन्सिल बाजूला. तू ‘तेवीस’ म्हण, तो आधी गठ्ठे उचलेल आणि डावीकडे ठेवेल, मग सुट्या उजवीकडे. हा शब्द पूर्ण ऐकण्याचा सराव आहे. पहिला आवाज कानी पडताच हात चालतो, तिथेच घोटाळा होतो. चौथ्या बैठकीपासून काड्यांच्या खाली दोन घरांची पट्टी ठेव आणि तिच्यात लिहून घे. काही शिक्षक ‘आधी एककाचं घर भर, मग दशकाचं’ अशी युक्ती शिकवतात. दोन अंकी संख्यांत ती चालते, पण ‘एकशे तेवीस’ला शतक, एकक, दशक अशी उडी मारावी लागते आणि मूल पुन्हा हरवतं. मी ती टाळते.

‘एकोण’साठी शंभर मण्यांची माळ घे, दर दहा मण्यांनी रंग बदललेली. ‘एकोणतीस’ म्हटलं की तिसाव्या मण्यावर बोट ठेवायचं आणि एक मणी मागे यायचं. हे जमू लागलं की एखाद्या दिवशी तो नव्याण्णवला ‘एकोणशंभर’ म्हणेल. ते चूक म्हणून मोजू नकोस, तारीख घालून नोंद कर. नियम त्याच्या हाती लागला याचा तो सगळ्यात चांगला पुरावा आहे. आपल्या भाषेने तिथे स्वतःच नियम मोडला आहे, इतकंच.

शेवटची चाचणी नव्या संख्यांवर घे. पहिल्याच यादीवर घेतलीस तर तू पाठांतर मोजशील. पण जाती त्याच ठेव, सात क्रमाच्या आणि तीन ‘एकोण’च्या. एकदा सहाव्या बैठकीनंतर आणि एकदा मध्ये चार-पाच दिवस काहीही न करता. दहापैकी सहा आल्या आणि नंतर चारावर उतरल्या, तर तसंच लिही. दहापैकी दहा दाखवणाऱ्या फाइली मी खूप वाचल्या आहेत. त्यांत मुलाचं एकही खरं पान जोडलेलं नसतं.

डिस्लेक्सिया हा शब्द फाइलीत तुझं निदान म्हणून येऊ देऊ नकोस. डिस्लेक्सिया जिच्यात मोडतो ती विशिष्ट अध्ययन अक्षमता ही २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांपैकी एक आहे. तिचं प्रमाणपत्र आठ वर्षांच्या पुढेच मिळतं, तेही अधिकृत वैद्यकीय पथकाच्या तपासणीनंतर, आणि चौदाव्या व अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी होते. वर्गशिक्षिकांचं मत त्यांचं मत म्हणून एका वाक्यात नोंदव, वाद घालू नकोस. आणि मराठी वाचनातही तो अडतो का, घरच्या भाषेतही शब्दांची अशीच ओढाताण होते का, नेटाने मदत करूनही महिनोन् महिने फरक पडत नाही का, हे प्रश्न ‘पुढे पाहावे’ म्हणून लिही. तपासणीची गरज नाही असंही तुला म्हणता येणार नाही. एका पानावरून दोन्ही बाजूंनी एवढंच बोलता येतं.

राहिली ती अकरा पानं. प्रत्येक वाक्यावर बोट ठेवून विचार, हे काढलं तर माझा निष्कर्ष बदलतो का? घरात तेलुगू बोलतात, हे राहील. तो कोणत्या वयात मराठी ऐकू लागला, बालवाडीत गेला का, दुसरीत किती दिवस गैरहजर होता, हे नसेल तर मिळव. भावंडांची जन्मवर्षं, घराच्या भिंती, वडिलांच्या सवयी, शेजारणीने सांगितलेलं, हे सगळं जाईल. त्या घरातल्यांनी ते तुला विश्वासाने सांगितलं आहे, आणि तुझी फाइल महाविद्यालयाच्या कपाटात कोणाच्याही हाती लागू शकते. मुलाचं नाव बदल, शाळेचं आणि पेठेचं लिहूच नकोस. आईची परवानगी तिच्या भाषेत समजावून घे.

घरभेटीला पुन्हा जाशील तेव्हा एक गोष्ट मात्र नक्की विचार. विड्यांची मजुरी हजारावर मिळते, म्हणजे त्या घरात रोज मोजणी चालते. मुलगा आईजवळ बसून मोजायला मदत करतो का, आणि करत असेल तर कोणत्या भाषेत? ‘घरात शैक्षणिक वातावरण नाही’ हे वाक्य या प्रश्नाच्या उत्तरानंतरही तुला लिहावंसं वाटलं, तर मला कळव. मोजत असेल तर त्याला शाळेत जे येत नाही असं आपण म्हणतो, ते तो घरी करतो आहे, आणि विश्लेषणाची पहिली ओळ तीच असेल.

फाइलीचे मथळे तुमच्या महाविद्यालयाने दिलेत तेच ठेव, प्राध्यापक त्यावर अडून बसतात. फक्त पानांची वाटणी बदल. कौटुंबिक माहिती दीड-दोन पानं, चुकांचं पान आणि त्याचं वाचन चार पानं, चाचण्या आणि बैठकांच्या तारीखवार नोंदी सहा-सात पानं. त्याच्या वहीच्या पानांच्या प्रती जोड, लाल पेनाच्या खुणा नसलेल्या. आणि आंतरवासिता संपण्याआधी मण्यांची माळ आणि दोन घरांच्या पट्ट्या वर्गशिक्षिकांकडे देऊन ये. त्यांच्यासमोर त्याच्याकडून पाच संख्या लिहून घे.